‘मला फक्त स्टेशन कळतं’: वसतिगृहात ऐकलेल्या एका वाक्याबद्दल घरी लिहिलेलं पत्र

आखेन, जर्मनी
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

९ नोव्हेंबरच्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो, तेव्हा स्वयंपाकघरातून एक मुलगा मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि बाबांनी त्यातला ‘बानहोफ’ हा शब्द बरोबर पकडला. बानहोफ म्हणजे रेल्वे स्टेशन. मी उतरले त्या स्टेशनाच्या पाटीचा फोटो पाठवला होता, तेव्हापासून बाबांना तो माहीत आहे. मग आईने विचारलं की कोण निघालंय, तुला खोली सोडायला सांगतायत का, कसलं भांडण चाललंय. मी ‘नाही गं’ एवढंच म्हणू शकले, कारण ते वाक्य मलाही धड उमगलं नव्हतं. तेव्हापासून दोन आठवडे त्याच्या मागे होते. फोनवर सांगायला गेले तर अर्धं राहील, म्हणून लिहूनच पाठवते.

आधी उत्तर सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. कोणीही कुठेही निघालेलं नाही. तो मुलगा म्हणाला होता, ‘इश फेअश्टे नुअ बानहोफ’. शब्दाला शब्द लावला तर अर्थ होतो ‘मला फक्त स्टेशन कळतं’. त्याला म्हणायचं होतं, ‘मला यातलं ओ की ठो कळत नाहीये’. त्याच्या हातात एक सरकारी पत्र होतं आणि ते वाक्य त्या पत्राला उद्देशून होतं.

हे वाक्य मी कसं कसं उलगडलं ते क्रमाने लिहिते. बाबांना तसंच आवडतं. शिवाय पुढच्या वर्षी मावशीचा मुलगा इकडे येणार आहे, त्यालाही हे पत्र वाचायला द्या. असं वाक्य त्याच्याही कानावर पहिल्याच आठवड्यात पडेल.

सुरुवात कानापासूनच झाली. फोन ठेवल्याबरोबर मी जसं ऐकलं तसं देवनागरीत लिहून काढलं. ही सवय मला इथल्या भाषेच्या वर्गात लागली. स्पेलिंगच्या नादी लागलं की कानाने खरोखर काय ऐकलं ते विसरायला होतं, आणि देवनागरीत ऐकलेला आवाज तसाच राहतो. कागदावर उतरलं ते ‘इशफेश्टेनुअबानहोफ’ असं एकसलग होतं. त्यात ओळखीचा शब्द एकच, शेवटचा. बाकीचे तीन शब्द मी पुस्तकात पन्नास वेळा वाचलेले आहेत, तरी कानाने ओळखले नाहीत. याची कारणं साधी आहेत. पुस्तकात ‘मी’ला ‘इच’ आणि ‘इह्य’ यांच्या मधला एक उच्चार शिकवतात, पण ऱ्हाइन नदीच्या या सगळ्या पट्ट्यात लोक सरळ ‘इश’ म्हणतात. ‘फेअश्टेहे’ म्हणजे ‘समजतं’, पण बोलताना त्याचा शेवटचा ‘ए’ गळून पडतो. ‘नूर’ म्हणजे ‘फक्त’. शब्दाच्या शेवटी आलेला जर्मन ‘र’ आपल्यासारखा वाजत नाही, तो ‘अ’कडे झुकतो आणि ‘नुअ’ ऐकू येतं. उरतो बानहोफ, ज्याला कुठेही झीज नाही. त्यावर जोरही असतो. म्हणूनच फोनमधून, तेही दुसऱ्या खोलीतून, बाबांना तेवढाच ऐकू गेला.

सोमवारी सकाळी मी त्या मुलालाच विचारलं. तो जवळच्याच ड्यूरेन गावचा आहे, माझ्या समोरच्या खोलीत राहतो. इथे एक गोष्ट उपयोगी पडली. ‘काय म्हणालास?’ असं विचारलं की माणूस तेच वाक्य सोपं करून सांगतो आणि मूळ वाक्य हातचं जातं. म्हणून मी माझा कागद पुढे केला आणि ‘काल जे म्हणालास ते जसंच्या तसं इथे लिही’ असं सांगितलं. त्याने त्या सरकारी पत्राच्याच पाकिटामागे चार शब्द लिहून दिले. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे.

आता ते पत्र काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय हे वाक्य का आलं ते कळणार नाही. जर्मनीत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी प्रत्येक घरामागे वर्गणी घेतात, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. २०१३ पासून ती घरावर लागते. नव्या पत्त्याची नोंदणी केली की नोंदणी कार्यालयाकडून ती माहिती वर्गणीवाल्यांकडे जाते आणि काही आठवड्यांत पत्रपेटीत पत्र येतं. आमच्या मजल्यावर सात खोल्या, एक लांब बोळ आणि एक सामायिक स्वयंपाकघर आहे. पत्रात प्रश्न असा होता की ही सात जणांनी मिळून घेतलेली एक सदनिका आहे की सात वेगवेगळी घरं. एका बंद दाराआडची सदनिका असेल तर सात जणांत मिळून एकच वर्गणी. खोल्या सर्वांना खुल्या असलेल्या बोळात उघडत असतील तर प्रत्येक खोली म्हणजे एक घर, आणि वर्गणीही प्रत्येकी एक.

हे मी तुम्हाला तीन वाक्यांत सांगितलं. पत्रात ते ज्या कायद्याच्या आधाराने लिहिलं होतं त्याचं नावच ‘रुंडफुंकबाइट्राग्सश्टाट्सफेअरट्राग’ आहे. हा एकच शब्द आहे. तो फोडला की बरा वाटतो. रुंडफुंक म्हणजे प्रसारण, बाइट्राग म्हणजे वर्गणी, श्टाट म्हणजे राज्य, फेअरट्राग म्हणजे करार. मधले दोन ‘स’ हे फक्त सांधे आहेत, त्यांना अर्थ नाही. थोडक्यात, प्रसारण वर्गणीबाबत राज्याराज्यांतला करार. आपल्याकडे सामासिक शब्दाचा विग्रह उजवीकडून करतात तसंच इथेही शेवटचा शब्द मुख्य, आधीचे त्याचे विशेषण. पण पत्रात असे शब्द ओळीला एक या हिशेबाने होते आणि तो मुलगा, जन्माने जर्मन, दुसरा परिच्छेद संपता संपता म्हणाला, ‘इश फेअश्टे नुअ बानहोफ’.

ही माझ्यासाठी महत्त्वाची खूण होती. हे वाक्य परदेशी माणसाने परक्या भाषेबद्दल म्हणायचं असतं असं मी धरून चालले होते. तसं नाही. भाषा स्वतःची आहे, एकेक शब्द माहीत आहे, तरीही एकूण बोलणं डोक्यावरून जातं, तेव्हा ते म्हणतात.

मंगळवारी, ११ तारखेला मी शब्दकोशाकडे वळले. इथे नवख्याचा वेळ जातो तो वाक्प्रचार कुठे शोधायचा यात. वाक्य ‘मला’पासून सुरू होतं म्हणून तिथे शोधलं तर काही मिळत नाही. क्रियापदाखाली शोधलं तर पानभर अर्थ येतात. नामाखाली शोधावं. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत असतं, त्यामुळे पाकिटामागच्या चार शब्दांत नाम कोणतं हे भाषा न येणाऱ्यालाही दिसतं. वाक्याच्या सुरुवातीचा शब्द तेवढा सोडायचा, कारण तो तसाही मोठ्या अक्षराने लिहितात. मी दोन ठिकाणी पाहिलं. एक डुडेन, म्हणजे जर्मनांचा रोजचा शब्दकोश. कोनराड डुडेन नावाच्या शाळामास्तरांनी १८८० मध्ये तो पहिल्यांदा काढला. दुसरा बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा कोश, ज्यात छापील मजकुरातले वापरही दिसतात. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. शोधपेटीत नुसतं `Bahnhof` लिहायचं आणि अर्थांच्या खाली वाक्प्रचारांपर्यंत उतरायचं. सगळं वाक्य टाकायचं असेल तर ते मूळ रूपात, `nur Bahnhof verstehen` असं टाकायचं. ‘मी’ काढायचा आणि क्रियापद शेवटी, न वळवलेलं ठेवायचं. ऐकलं तसं टाकलं तर कोश ओळखेलच असं नाही.

तिथे एक अडचण आली. त्या एका नामाखाली वाक्प्रचार दोन आहेत. एक आपला. दुसरा ‘ग्रोसर बानहोफ’, शब्दशः ‘मोठं स्टेशन’, ज्याचा अर्थ थाटामाटाचं स्वागत. पूर्वी बडा पाहुणा आगगाडीने यायचा आणि त्याला घ्यायला फलाटावर माणसांची रांग उभी राहायची, त्यावरून तो आला. आता विमानतळावरच्या स्वागतालाही तोच वाक्प्रचार चालतो. दोन्हींत स्टेशनच आहे, पण एकमेकांशी काही संबंध नाही. ओळखायचं कसं? आजूबाजूला ‘समजणं’ हे क्रियापद आणि ‘फक्त’ असेल तर आपला. ‘मोठं’ हे विशेषण असेल तर स्वागताचा.

आता आईसाठी. तुझी पहिली शंका हीच असणार की हे काही वाईटसाईट बोलणं आहे का. कोशात प्रत्येक वाक्प्रचारापुढे तो कुठे चालतो याची खूण असते. आपल्या वाक्यापुढे ‘उमगांग्सश्प्राखलिश’ अशी खूण आहे, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं. याच्या खाली ‘सालोप’ म्हणजे सैलसर, मित्रांपुरतं, आणि त्याच्याही खाली ‘डेर्ब’ म्हणजे असभ्य. ‘डेर्ब’ दिसलं तर तो शब्द समजून घ्यावा, तोंडात घेऊ नये. आपलं वाक्य यांतल्या वरच्या पायरीवर आहे. त्यात शिवी नाही, अपमान नाही.

पण कोशातली खूण एवढ्यावर मी थांबले नाही, कारण कोश छापील असतो आणि बोलणं वयाप्रमाणे बदलतं. आपल्याकडेच बघा. तुम्ही ‘ओ की ठो’ म्हणता, माझ्या कॉलेजातली मुलं ‘बाउन्सर गेला’ म्हणायची. बाबांच्या तोंडी बाउन्सर शोभणार नाही. म्हणून मी तीन वयांच्या तीन माणसांना विचारलं. ड्यूरेनचा मुलगा एकवीस वर्षांचा. भाषेच्या वर्गातल्या बाई चाळिशीतल्या. त्यांना १३ तारखेला, गुरुवारी विचारलं. आणि आमच्या इमारतीची देखभाल करणारे काका, ज्यांना इथे हाउसमाइस्टर म्हणतात, निवृत्तीला आलेले. प्रश्न एकच ठेवला होता: ‘हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी आणि कोणाला म्हणालात?’ अर्थ विचारला की माणूस कोशासारखं बोलतो. वापर विचारला की खरं कळतं. मुलाने सांगितलं, गणिताच्या तासानंतर मित्राला. बाईंनी सांगितलं, गाडीच्या गॅरेजमध्ये, नवऱ्याला. काका म्हणाले, हीटिंगची नवी यंत्रणा बसवायला आलेल्या माणसाने माहिती दिली तेव्हा, त्याच माणसाला तोंडावर. म्हणजे हे तरुणांपुरतं नाही, सगळ्या वयांत चालतं. तरुण पोरांची बोली म्हणून मी ते वहीत वेगळ्या पानावर लिहिलं होतं, तिथून काढून साध्या वाक्प्रचारांत घातलं.

बाईंनी एक सीमा मात्र स्पष्ट सांगितली. लिहिताना हे वापरायचं नाही. प्राध्यापकांना मेल, कार्यालयाला पत्र, मुलाखत, कुठेही नाही. तिथे ‘डास हाबे इश लायडर निश्ट फेअश्टांडन’, म्हणजे ‘हे मला दुर्दैवाने समजलं नाही’, एवढं साधं वाक्य पुरतं. आणि दुसऱ्याबद्दल बोलताना जपायचं. ‘मला फक्त बानहोफ कळतं’ यात कमीपणा स्वतःकडे असतो. ‘तुलाही काही कळत नाहीये ना?’ असं मैत्रीत चालतं. पण ‘त्याला फक्त बानहोफ कळतं’ हे समोरच्याला ठोंब्या म्हटल्यासारखं लागू शकतं.

यानंतर मी ते वाक्य थोडं हलवून पाहिलं. असं वाक्य पक्कं झालेलं आहे का, हे तपासायची ही रीत आहे: एक शब्द बदलायचा आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघायचा. स्टेशनच्या जागी ‘विमानतळ’ घातला, तर समोरचा मुलगा थांबला आणि ‘कुठला विमानतळ?’ म्हणाला. ‘फक्त’ काढून टाकला, तर त्याला अर्थच लागेना. जर्मनमध्ये नामाआधी सहसा एक उपपद लागतं, ते पुस्तकी नियमाने घातलं, तर वाक्य शुद्ध झालं पण वाक्प्रचार मेला. ऐकणाऱ्याला ते एखाद्या खऱ्या स्टेशनबद्दलचं वाटलं. काळ मात्र बदलता येतो. ‘मला फक्त बानहोफ कळलं’ असं भूतकाळात सर्रास म्हणतात. माणूसही बदलता येतो, मी, तू, तो, आम्ही. थोडक्यात क्रियापद हलतं, ‘फक्त’ आणि ‘स्टेशन’ जागचे हलत नाहीत. आपल्या ‘ओ की ठो’चंही तसंच आहे. ‘कळलं नाही, कळत नव्हतं, कळणार नाही’ सगळं चालतं, पण ‘ओ की ढो’ कोणी म्हणत नाही.

बाबा, आता तुमचा प्रश्न: स्टेशनच का?

यासाठी कोशाच्या दोन ओळी पुरेनात. डुडेनचा अकरावा खंड फक्त वाक्प्रचारांचा आहे. वाचनालयात तो कोणीतरी नेलेला होता. १२ तारखेला नाव लावलं, १९ला हातात आला. विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर नाव लावायचे पैसे पडले नाहीत. तोवर जो तो आपापली कथा सांगत होता, आणि सगळ्यांच्या कथा एका ठिकाणी येत होत्या, पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडे.

ती अशी. युद्ध चार वर्षं चाललं होतं. खंदकातल्या जर्मन सैनिकाला घरी जायचं तर वाट एकच, आगगाडी. सुट्टीची गाडी स्टेशनवरून सुटायची, युद्ध संपल्यावरची परतीची गाडीही स्टेशनवरूनच सुटणार. थकलेल्या सैनिकाला कोणी काहीही सांगो, त्याच्या कानाला एकच शब्द हवा होता, स्टेशन. बाकी हुकूम, भाषणं, बातम्या, काहीच आत शिरत नव्हतं. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला, सैनिक घरी आले आणि बोलणंही त्यांच्याबरोबर गावोगाव आलं, असं मानतात.

‘मानतात’ हा शब्द मी मुद्दाम घातला. अशा वाक्प्रचाराचा जन्मदाखला नसतो. तो आधी तोंडी चालतो आणि बऱ्याच काळाने कोणीतरी लिहून ठेवतो, त्यामुळे पहिला छापील पुरावा म्हणजे पहिला वापर नव्हे. म्हणून जबाबदार कोशात अशा कथेआधी ‘बहुधा’ असतो. तो ‘बहुधा’ खाऊन टाकून इतिहास म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणी सैनिकाचं नाव, गाव, स्टेशन असं सगळं सांगायला लागला की समजावं, कथा नंतर सजवलेली आहे.

तरी मला ही कथा पटते, आणि तिचं कारण भाषेतच आहे. जर्मन ‘फेअश्टेहन’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत, अर्थ समजणं आणि आवाज नीट ऐकू येणं. फोनची लाइन खराब असली की इथे लोक ‘तुमचं मला नीट समजत नाही’ म्हणतात आणि त्यांना म्हणायचं असतं ‘ऐकू येत नाही’. आता सैनिकाचं वाक्य परत वाचा: ‘मला फक्त स्टेशन ऐकू येतं’. त्या अर्थाने वाक्य अगदी सरळ आहे, त्यात कोडं नाही. त्याला बाकीचं ऐकायचंच नव्हतं. पुढे युद्ध मागे पडलं, स्टेशनची ओढ गेली, आणि त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ वर आला. ‘ऐकायचं नाही’चं ‘कळत नाही’ झालं. आज ते म्हणणाऱ्या मुलाला स्टेशन आठवतही नाही. मी त्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, वीस वर्षांत मी एकदाही विचार केला नाही की यात स्टेशन का आहे. तुम्हाला तरी ‘ओ’ आणि ‘ठो’ दिसतात का? आपण पुरा घास गिळतो तसं आख्खं वाक्य गिळतो.

शोधताना याचे दोन शेजारीही सापडले, ते सांगून ठेवते, कारण त्यांची गल्लत होते. ‘ही माझ्यासाठी बोहेमियातली गावं आहेत’ असा एक वाक्प्रचार आहे. चेक गावांची नावं जर्मन कानाला परकी, त्यावरून. एखादा विषयच अपरिचित असेल तेव्हा तो वापरतात. दुसरा, ‘हे मला स्पॅनिश वाटतं’. याचा अर्थ ‘कळत नाही’ असा नाही. ‘हे काहीतरी विचित्र आहे, यात पाणी मुरतंय’ असा आहे. तो पाचव्या कार्ल या सम्राटाच्या काळातला मानतात. तो स्पेनचाही राजा होता आणि त्याच्या दरबारातल्या स्पॅनिश रीती जर्मन लोकांना चमत्कारिक वाटल्या. त्याचा राज्याभिषेक १५२० मध्ये आमच्या याच आखेनच्या कॅथेड्रलमध्ये झाला. आई, तू फोटोत ज्या घुमटाबद्दल विचारलं होतंस, तेच ते. म्हणून सरकारी पत्र कळलं नाही तर बानहोफ, आणि पत्रच खोटं वाटलं तर स्पॅनिश. उलट बोललात तर समोरचा माणूस पत्र पाठवणाऱ्याची चौकशी करायला लागेल.

त्या वर्गणीच्या पत्राचं पुढे काय झालं, हे बाबा विचारतीलच. वसतिगृहाच्या कार्यालयातून लेखी घेतलं की आमच्या मजल्यावरचा बोळ सर्वांना खुला आहे आणि प्रत्येक खोलीचा करार वेगळा आहे. म्हणजे सात घरं. ज्या विद्यार्थ्यांना जर्मन सरकारची शिक्षणमदत मिळते आणि जे आईवडिलांकडे राहत नाहीत, त्यांना अर्ज केला की माफी मिळते. ड्यूरेनच्या मुलाने तो अर्ज मदतीच्या मंजुरीपत्रासह पाठवला. मला ती मदत नाही, म्हणून मला माफीही नाही. तीन महिन्यांचे मिळून ५५.०८ युरो माझ्या खात्यातून जातील. हा खर्च मी घरून निघताना धरला नव्हता. मावशीच्या मुलाला धरायला सांगा, आणि असं पत्र आलं तर कळलं नाही म्हणून बाजूला टाकू नकोस असंही सांगा. उत्तर दिलं नाही तरी वर्गणी मागच्या तारखेपासून लागू होते.

हे पत्र तीन पानी आहे. साध्या कागदाचं एक पान पाच ग्रॅमचं, तीन पानं आणि हलकं पाकीट मिळून २० ग्रॅमच्या आत बसतं, आणि तेवढ्याला इथून भारतात १.२५ युरोचं तिकीट लागतं. चौथं पान घेतलं असतं तर वजन वर गेलं असतं, म्हणून अक्षर बारीक आहे. आईने चष्मा लावून वाचावं.

आणखी एक. त्या मुलाने मला त्याचं वाक्य दिलं, तेव्हा आपलं विचारलं. मी पाकिटावर त्याच्या ओळीखाली ‘ओ की ठो’ लिहिलं आणि म्हणून दाखवलं. मला वाटलं होतं ‘ठो’ त्याला जड जाईल. पण जर्मन माणूस शब्दाच्या सुरुवातीचा ‘ट’ आणि ‘क’ हवेचा झोत सोडूनच म्हणतो, त्यामुळे त्याचा ‘ठो’ पहिल्याच वेळी बरोबर आला आणि बिघडला तो ‘की’. तो ‘ओ खी ठो’ म्हणतो. दोन दिवस समजावलं, पण त्याला ‘की’ आणि ‘खी’ यांतला फरक कानाने कळत नाही, जसा मला परवापर्यंत ‘नुअ’ कळत नव्हता.

रविवारी दुपारी दोनला फोन करते, म्हणजे तुमचे साडेसहा. घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटी मागे गेली आहेत, साडेतीन तासांचं अंतर आता साडेचार झालंय. मागून ‘ओ खी ठो’ ऐकू आलं तर तो आहे. त्याने परीक्षेचं वेळापत्रक उघडलेलं असेल.

तुमची,
ताई